सोसायटीत पहिल्यांदाच रक्तदान शिबिर घेत आहोत. घोषणा, स्वयंसेवक, आठवण आणि अल्पोपाहार यांचे नियोजन कसे करावे?

रक्तपेढीला पहिला प्रश्न विचारा, तो खाटांचा. एका रक्तदात्यामागे खाट साधारण पंधरा मिनिटे अडकते. चार खाटा असतील, तर तासाला सोळा जण होतात आणि सकाळी नऊ ते दुपारी दोनपर्यंत ऐंशी.

आमच्या पहिल्या शिबिराच्या फलकावर ‘सकाळी ९ ते २’ एवढेच लिहिले होते. साडेदहाला सगळे एकदम आले, तासभर रांगेत थांबून अनेकजण परतले आणि बारानंतर खाटा मोकळ्या राहिल्या. तेव्हापासून आम्ही नावनोंदणीतच अर्ध्या तासाची वेळ देतो. हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी भरल्याने किंवा चालू औषधांमुळे काहींना नकार मिळतोच, म्हणून आठ जागांसाठी दहा नावे घेतो. घोषणेत वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो हे स्पष्ट सांगतो, म्हणजे कोणाला दारातून परत जावे लागत नाही. एकादशी आणि संकष्टी टाळूनच तारीख ठरवतो, कारण उपाशी माणसाला भोवळ येण्याचा धोका अधिक असतो.

आठवण दोनदा करावी. आदल्या संध्याकाळी “उद्या साडेदहाला आपली वेळ आहे, नाश्ता करून आणि भरपूर पाणी पिऊन या,” असा निरोप प्रत्येकाला नावानिशी पाठवावा, आणि जे उत्तर देत नाहीत त्यांना सकाळी फोन करावा. समूहावर टाकलेला एकच निरोप कोणीही आपल्यासाठी आहे असे मानत नाही, हा माझा अनुभव आहे. तरीही काही जण उपाशीपोटी येतातच, त्यांच्यासाठी नोंदणीच्या टेबलाजवळ केळी आणि बिस्किटे ठेवावीत.

स्वयंसेवकांपैकी सर्वांत जबाबदार दोघांना नोंदणीवर न बसवता अल्पोपाहाराच्या जागी नेमा. एका वर्षी एक तरुण रक्त देऊन उत्साहाने उठला आणि चहाच्या रांगेत उभा असतानाच कोसळला. भोवळ बहुतेकदा खाटेवरून उठल्यानंतर येते, म्हणून आता आमच्याकडे रांग नसते. रक्तदात्याला हात धरून खुर्चीवर बसवतात, लिंबू सरबत आणि उपमा जागेवर आणून देतात आणि पंधरा मिनिटे उठू देत नाहीत. बोलता बोलता माणूस गप्प झाला, चेहरा पांढरा पडला, घाम फुटला किंवा तो सारखा जांभया देऊ लागला, की त्याला लगेच आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि डॉक्टरांना हाक मारावी. ही जागा खाटांच्या शेजारीच असावी, मध्ये जिना नसावा.

नोंदवहीत रक्तदानाची तारीख जपून ठेवा. पुढचे रक्तदान पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी करता येते, आणि त्या सुमारास केलेल्या फोनला नव्या घोषणेपेक्षा कितीतरी चांगला प्रतिसाद मिळतो.