आईच्या अँड्रॉइड फोनवर अक्षरं मोठी आणि ठळक केली की बँकेचं अ‍ॅप बिघडतं, खालचं बटणच दिसत नाही. अ‍ॅप न बिघडवता अक्षरं मोठी कशी करायची?

फाँट साइझची पट्टी उजवीकडे शेवटपर्यंत ओढली असणार. ती आधी मागे आणा. अँड्रॉइडमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि घरातला 'मोबाइलमधलं कळणारा' माणूस हटकून पहिलीच धरतो. निम्म्याहून जास्त काम दुसऱ्या पट्टीचं आहे. तिचं नाव डिस्प्ले साइझ, सॅमसंगच्या फोनवर स्क्रीन झूम.

आमच्याकडे तो कळणारा माणूस म्हणजे माझा मावसभाऊ. मावशी मिरजेला एकटी असते, पेन्शन बँकेत येते आणि तिचे व्यवहार ती स्वतः करते. दादा दिवाळीत आला, फाँट २०० टक्के, वर बोल्ड टेक्स्ट चालू, आणि "आता बघ कसं लख्ख दिसतंय" म्हणून परत गेला. दिसत होतंच लख्ख. मग मावशीने सोसायटीचा वर्षाचा मेंटेनन्स भरायला घेतला, १२,५०० रुपये. खात्री करून घेण्याच्या पानावर तिला रक्कम दिसली "₹12,5…" आणि त्याच्या खाली काहीच नाही. पान वर सरकेना. तिला वाटलं आपणच आकडा चुकीचा टाकला. मागे जाऊन पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शेवटी मला फोन, "अगं, बँकेनं माझं खातं बंद केलंय का गं?"

दादाचं म्हणणं, तिला आता झेपत नाही, अ‍ॅप काढून टाका, मी माझ्या फोनवरून बघतो सगळं. हा वाद आमच्यात जुना आहे आणि फाँटवरून सुरू झालेला नाही. पण मी अ‍ॅप तपासण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे या वेळी माझ्याकडे नुसती चीड नव्हती, उत्तरही होतं. चूक मावशीची नव्हती. ते पान मोठ्या अक्षरांवर कुणी उघडूनच पाहिलेलं नव्हतं. असले बग मी स्वतः नोंदवलेत आणि "इतका मोठा फाँट वापरतं कोण?" असा शेरा मारून ते बंद होतानाही पाहिलेत. कोण वापरतं? ज्याला दिसत नाही तो वापरतो.

आता कारण. फाँट साइझ वाढवली की फक्त अक्षरं वाढतात. ती ज्या चौकटीत बसलेली असतात ती चौकट, म्हणजे बटणाची उंची, ओळीची उंची, चित्रं, मोकळी जागा, आहे तेवढीच राहते. चौकटीची उंची अ‍ॅप करणाऱ्याने ठोकून बसवली असेल तर अक्षर वरून किंवा खालून कापलं जातं. मराठीत हे लवकर होतं, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो. अ‍ॅप मराठीत असेल आणि "किती" मधल्या वेलांट्यांचा माथा छाटलेला दिसला, तर समजा की चौकट अपुरी पडतेय.

डिस्प्ले साइझ वाढवली की अक्षरं आणि चौकटी दोन्ही एकत्र वाढतात. अ‍ॅपला वाटतं की आपण जरा अरुंद फोनवर चाललोय, बाकी सगळं नेहमीसारखंच आहे. अरुंद फोन बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे अ‍ॅप करणाऱ्यांनी त्यांच्यावर तरी तपासणी केलेली असते. पडद्याची ही रुंदी डीपी नावाच्या मापात मोजतात. ३६० डीपीचे फोन सर्रास मिळतात, ३२० चे क्वचित. गूगलच्या मूळ अँड्रॉइडमध्ये ही पट्टी ३२० च्या खाली जाऊच देत नाही.

मावशीचा फोन ४११ डीपीचा. डिस्प्ले साइझ दोन घरं वाढवल्यावर तो ३४५ च्या आसपास आला, म्हणजे सगळं सुमारे १.२ पट झालं. त्यावर फाँट फक्त एक घर, १.१५ पट. गुणाकार केला तर अक्षर मूळच्या जवळपास १.४ पट होतं, पण चौकटीच्या तुलनेत ते केवळ १.१५ पटच फुगलेलं असतं. तेवढं बहुतेक अ‍ॅप पचवतात. हेच १.४ नुसत्या फाँटच्या पट्टीने गाठलं असतं तर ओळीची उंची जागोजागी अपुरी पडली असती. आडवी जागा मात्र दोन्ही रीतींत सारखीच कमी होते. तिथे जादू नाही, लांब शब्द दुसऱ्या ओळीत जाणारच.

तुमच्या आईचा फोन आधीच ३६० चा असेल तर डिस्प्ले साइझ एकच घर वाढवा. हा आकडा डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे सेटिंग्जमधल्या एरवी लपलेल्या यादीत, 'स्मॉलेस्ट विड्थ' म्हणून दिसतो. आकडा बघून झाला की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा, कारण ते चालू असतील तर काही बँकांची अ‍ॅप उघडायलाच नकार देतात. फोन केबलने संगणकाला जोडायची सवय असेल तर यूएसबी डीबगिंग चालू करून संगणकावरच्या adb या साधनाचे हे दोन आदेश पुरतात. पहिला पडद्याचे पिक्सेल सांगतो, दुसरा त्यांची घनता.

```
adb shell wm size
adb shell wm density
```

रुंदीच्या पिक्सेलना १६० ने गुणायचं आणि घनतेने भागायचं. मावशीचं गणित: १०८० गुणिले १६० भागिले ४२० म्हणजे ४११. घनतेच्या दोन ओळी आल्या तर 'Override' वाली धरा, कारण ती आत्ताची असते. यूएसबी डीबगिंगही नंतर बंद करायचं.

ठळकपणाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. बोल्ड टेक्स्ट हे बटण अँड्रॉइड १२ पासून आहे, आणि ते प्रत्येक अक्षराचं वजन ३०० ने वाढवतं. साधं अक्षर ४०० चं असतं, ते ७०० चं होतं. इंग्रजीला हे शोभतं. देवनागरीत लहान आकाराला ठळक केलं की अक्षरांची पोटं भरून येतात, 'ष' आणि 'प', 'घ' आणि 'ध' एकमेकांसारखे दिसायला लागतात. शिवाय ठळक अक्षर थोडं रुंद होतं, म्हणजे काठावर बसलेला आकडा तीन टिंबांत जातो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डिस्प्ले साइझ, मग फाँट एक घर, त्यानंतर बोल्ड, आणि बोल्ड पटलं तर फाँट एक घर मागे घेता येतो का ते बघा. मावशीला बोल्ड हवंच होतं, कारण तिची खरी तक्रार आकाराची नव्हती, फिकटपणाची होती. हल्ली अ‍ॅपमधला मजकूर पांढऱ्यावर करडा ठेवायची फॅशन आहे. करडं अक्षर ठळक केलं तरी करडंच राहतं. त्यासाठी अ‍ॅक्सेसिबिलिटीत हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट आहे, ते अक्षराला गडद करतं आणि चौकटीला हातही लावत नाही. कधी कधी रंगीत बटणावर ते विचित्र दिसतं, दिसू दे.

हे सगळं करून झालं की फोन आईच्या हातात देण्याआधी तिची रोजची पानं स्वतः उघडून बघा. होम स्क्रीन बघून काही कळत नाही. पैसे पाठवण्याचं शेवटचं पान, दोन बटणं शेजारी असलेली चौकट, तारीख निवडायचं कॅलेंडर, आणि कीबोर्ड उघडा असताना ओटीपीचं पान, एवढं पुरे. खालच्या पट्टीतली नावं "ट्रान्झॅ…" अशी तुटली तर सोडून द्या, चिन्हावरून कळतं. बटण कीबोर्डच्या मागे लपलं असेल तर मागे जायची खूण एकदा केली की कीबोर्ड खाली जातो, एवढं तिला शिकवा. पण रक्कम तुटत असेल तर तडजोड नको. "12,5…" म्हणजे साडेबारा हजार की साडेबारा लाख, हे पडद्यावरून कळत नाही. त्या वेळी फाँट एक घर खाली आणायचाच.

मावशीच्या बँकेचं ते एक पान एवढं करूनही जेमतेम बसलं. अशा हट्टी अ‍ॅपसाठी अ‍ॅक्सेसिबिलिटीतलं मॅग्निफिकेशन चालू करा. ते तयार पानाचं चित्र मोठं करतं, त्यामुळे मांडणी हलत नाही. तीनदा टॅप करायचा शॉर्टकट मात्र ठेवू नका. फोन प्रत्येक टॅपनंतर पुढच्या टॅपची वाट बघत थांबतो आणि म्हातारी माणसं म्हणतात फोन अडकतोय. पडद्यावर तरंगणारं बटण ठेवा. अँड्रॉइड १४ असेल तर वरून ओढायच्या क्विक सेटिंग्जमध्ये फाँट साइझचं बटणही आणून ठेवता येतं. मावशी ते सराईतपणे वापरते. व्यवहार करताना एक घर कमी, बातम्या वाचताना परत जास्त. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे तिने कशाला करायचं?" मी म्हटलं, कारण पैसे तिचे आहेत.

दादाचा दुसरा उपाय होता मोठा फोन घेऊन देण्याचा. मोठ्या पडद्यावर कंपनीने डीपीची रुंदीही वाढवलेली असेल तर अक्षर तेवढंच राहतं आणि पानावर मजकूर जास्त मावतो. खर्च करून काही मिळत नाही. रुंदी ३६० च ठेवलेली असेल तर अक्षर खरंच मोठं दिसतं, म्हणून दुकानात हातात घेऊन जुन्या फोनशेजारी धरल्याशिवाय घेऊ नका.

दोन गोष्टी राहिल्या. अँड्रॉइड १४ पासून मोठ्या फाँटला मथळे कमी आणि बारीक मजकूर जास्त वाढतो, त्यामुळे माझ्या १.१५ च्या हिशेबात थोडा फरक पडेल. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या चित्रांतली अक्षरं कुठल्याच पट्टीने वाढत नाहीत. ती दोन बोटांनीच ताणायची. मोतीबिंदूची तपासणी बरेच दिवस झाली नसेल तर ती आधी, कारण डोळा धूसर असेल तर कितीही फाँट कमीच पडतो.

तुम्ही आयफोनबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगते. आयओएस १५ पासून अ‍ॅक्सेसिबिलिटीत पर-अ‍ॅप सेटिंग्ज आहेत. तिथे बँकेच्या अ‍ॅपचा फाँट लहान आणि बाकी सगळ्याचा मोठा असं वेगवेगळं ठेवता येतं, बोल्डसुद्धा. आमच्या घरात आयफोन फक्त दादाकडे आहे आणि त्याला हे माहीत नव्हतं.