'कायदा व सुव्यवस्था' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था'

प्रश्न : लॉच्या सराव परीक्षेत प्रसंग होता : दादरच्या एका नाक्यावर सभेत वक्त्याने समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याला शिव्या घातल्या, दोघं हातघाईवर आले, पोलिसांनी त्यांना बाजूला केलं. भाषणावर निर्बंधाचा आधार कोणता? मी 'सार्वजनिक सुव्यवस्था' लिहिलं, सरांनी खोडलं. पेपरात 'कायदा व सुव्यवस्था' म्हणतात तेच ना हे?

नाही, आणि सरांनी खोडलं ते योग्यच केलं. रोजच्या मराठीत आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण या फरकावर एक माणूस तुरुंगातून सुटलेला आहे.

१९६५ साली राममनोहर लोहियांना पाटण्यात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं होतं. नियमात शब्द होते 'सार्वजनिक सुव्यवस्था राखणे'. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हुकमात लिहिलं 'कायदा व सुव्यवस्था राखणे'. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो हुकूम टिकू दिला नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तिथे एकात एक अशी तीन वर्तुळं कल्पिली. सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं आणि अगदी आत राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळातली प्रत्येक गडबड आतल्या वर्तुळापर्यंत पोचतेच असं नाही.

खटला स्थानबद्धतेचा होता, पण हाच फरक पुढे राज्यघटनेचा अनुच्छेद १९(२), म्हणजे भाषणावर निर्बंध घालायच्या आधारांची यादी, वाचतानाही वापरला गेला. त्या यादीत आतली दोन वर्तुळं आहेत. बाहेरचं, म्हणजे 'कायदा व सुव्यवस्था', तिथे नाहीच. म्हणून ते उत्तरात लिहिलंत तरी चूक.

आता तुमचा नाका घ्या. दोन माणसं भिडली, बाकीचे बघत राहिले, फेरीवाल्यांची विक्री चालू राहिली. १९७०च्या अरुण घोष खटल्यापासून न्यायालय पाहतं ते हे की त्या परिसरातल्या लोकांचं नेहमीचं जगणं विस्कटलं का. इथे ते विस्कटलं नाही. मारामारीची शिक्षा मारामारीच्या कलमाखाली होईल, त्यासाठी भाषणाला हात लावायची गरज नाही. शिव्यांच्या ओघात 'याने वर्गणी खाल्ली' असा खोटा आरोप असेल, तर आधार 'अब्रुनुकसानी'. 'धरा आणि फोडा याला' असं म्हटलं असेल, तर 'अपराधास चिथावणी'. तिला सगळं शहर पेटायची वाट पाहावी लागत नाही.

प्रसंग थोडा बदला. त्याच सभेत वक्ता सांगतो की पलीकडच्या चाळीतल्या अमुक जमातीच्या लोकांनी मुलं पळवली आहेत, आज रात्रीच हिशोब चुकता करा. बातमी खोटी आहे. तासाभरात शटर खाली येतात, लोक मुलांना शाळेतून घरी आणतात, जमाव चाळीकडे निघतो. ही सार्वजनिक सुव्यवस्था. चिथावणीही आहेच, एका प्रसंगाला दोन आधार लागू शकतात. आणि वक्त्याचं आवाहन हत्यारं उचलून सरकार उलथवण्याचं असेल, तर आपण सगळ्यात आतल्या वर्तुळात येतो.

शब्दांच्या या भेदात मुंबईचाही भाग आहे. 'क्रॉस रोड्स' हे डाव्या विचारांचं इंग्रजी साप्ताहिक मुंबईत छापलं जाई. १९५०मध्ये मद्रास सरकारने सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्थेच्या नावाखाली त्याला आपल्या प्रांतात बंदी केली. साप्ताहिकाचे संपादक रोमेश थापर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली, कारण तेव्हाच्या १९(२)मध्ये राज्याची सुरक्षितता होती, सार्वजनिक सुव्यवस्था नव्हती. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती घातली. परकीय देशांशी मैत्रीचे संबंध आणि अपराधास चिथावणीही तेव्हाच आली. पण निर्बंधाआधी 'वाजवी' हा शब्दही त्याच दुरुस्तीचा. माझ्या मते तो त्या दुरुस्तीतला सर्वांत मोलाचा शब्द आहे, कारण त्यामुळे निर्बंध प्रमाणात आहे का हे न्यायालयाला तपासता येतं.

उत्तर लिहिताना आणखी एक गोष्ट हमखास निसटते : गडबड कोणी केली? २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. पोस्टमध्ये कोणाला मारा, जाळा असं काही नव्हतं. तोडफोड झाली ती चिडलेल्या लोकांकडून, एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची. ऐकणारा हिंसेची धमकी देतो म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही, हे न्यायालयाने १९८९च्या रंगराजन खटल्यातच सांगितलं होतं. पालघरच्या अटकेत वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ २०१५मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द झालं. मजकूर एकाला पाठवला की हजारांना, त्याने समाजाचं जगणं विस्कटणार की नाही, याचा विचारच त्या कलमात नव्हता. त्रास किंवा गैरसोय झाली एवढंच त्याला पुरेसं होतं.