दोन पाळ्यांमधले अकरा तास आणि वॉर्डाचे निरोप

«ताई, मी चोपड्याची, जळगावला स्टाफ नर्स आहे. पुढच्या वर्षी जर्मनीत रुजू होणार आहे. तिथे दुपारपाळीनंतर लगेच सकाळपाळी लावतात का? आणि ड्युटी संपल्यावर वॉर्डाच्या मेसेजला उत्तर द्यावेच लागते का?»

जर्मनीच्या कामाच्या तासांच्या कायद्यातील पाचव्या कलमानुसार दिवसाचे काम संपल्यावर सलग अकरा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. रुग्णालयांत ती दहा तासांवर आणता येते, पण मग चार आठवड्यांत किंवा त्या कॅलेंडर महिन्यात दुसरी एक विश्रांती किमान बारा तासांची द्यावी लागते. कामाच्या स्वरूपामुळे गरज असेल आणि भरपाईची मुदत ठरवलेली असेल, तर सामूहिक वेतनकराराने, म्हणजे टारिफफरट्रागने, ती नऊ तासांपर्यंतही येऊ शकते. म्हणून करारपत्रावर सही करण्यापूर्वी तुमच्या रुग्णालयाला कोणता टारिफ लागू आहे आणि त्यात विश्रांतीबद्दल काय लिहिले आहे, हे लेखी विचारून घ्या.

माझ्या वॉर्डात दुपारपाळी रात्री ९ वाजता संपत असे आणि सकाळपाळी ६ वाजता सुरू होई; आमच्या टारिफमुळे हे नेमके नऊ तास चालत होते. एका रात्री रुग्ण पडल्याने मी ९.४० पर्यंत थांबले, म्हणजे सकाळी सहापर्यंत आठ तास वीस मिनिटेच उरली. वेळापत्रकात, ज्याला तिथे डीन्स्टप्लान म्हणतात, ९ असेच छापलेले होते. कायदा मात्र प्रत्यक्ष काम संपल्याची वेळ धरतो. मी निघतानाच पाळीप्रमुखांना ते सांगितले, ९.४० ही वेळ नोंदवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ६.४० ला हजर झाले. जळगावात आपण असा उशीर पदरात घेऊन गप्प बसतो. तिथे नोंद न करणे ही चूक ठरते, कारण नोंद नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

आता निरोपांबद्दल. सुट्टीच्या दिवशी «उद्या कोणी येऊ शकेल का?» असा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, तर ती विनंती असते, तुम्ही उत्तर दिले नाही म्हणून काही चुकत नाही. रूफबेराइटशाफ्ट, म्हणजे बोलावताच यावे लागणारी ड्युटी, असेल तर मात्र फोन जवळ ठेवावाच लागतो.

यात एक अपवाद आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने एका रुग्णवाहिका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात निकाल दिला. तिथल्या अंतर्गत करारानुसार दुसऱ्या दिवशी ड्युटी आहे हे त्याला ठाऊक होते, तिची नेमकी वेळ तेवढी आदल्या संध्याकाळपर्यंत कळवली जाणार होती. तो एसएमएस मोकळ्या वेळेत पाहणे हे त्याचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने म्हटले. कधी पाहायचा हे त्याच्या हाती असल्याने एसएमएस पाहण्यामुळे त्याची विश्रांती मोडली नाही. त्यामुळे तुमच्या रुग्णालयाच्या करारात अशी तरतूद आहे का, हे कर्मचारी प्रतिनिधी मंडळाला पहिल्याच आठवड्यात विचारा.

रात्री दहाला वॉर्डातून फोन करून «त्या आजोबांना इन्सुलिन दिले होते का?» असे विचारले, तर रुग्णासाठी उत्तर जरूर द्या, पण फोनची वेळ आणि मिनिटे लिहून ठेवा आणि सकाळी ती नोंदवायला सांगा.