नुसत्या काँक्रीटवर जाऊ नकोस

निइगाता, जपान, जून 1964. कावागिशी-चोतल्या चारमजली इमारती भूकंपात कलल्या, एक तर जवळजवळ आडवी झाली; सांगाडे मात्र बहुतेक शाबूत! दोष खालच्या सैल, पाण्याने भरलेल्या वाळूचा होता. हादऱ्यांनी कण जवळ सरकू पाहतात, पण मधलं पाणी तेवढ्या वेळात निसटत नाही. त्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि पाया रुततो.

म्हणून जमीन तपासायला घेतलेल्या बोअरच्या अहवालात आधी भूजलपातळी बघ, मग तिच्याखालच्या वाळूचा एन-आकडा, म्हणजे चाचणीची नळी तीस सेंटिमीटर आत जायला हातोड्याचे किती ठोके लागले ते. तो दहाच्या आत असेल तर सावध हो. बोअर उन्हाळ्यात घेतला असेल, तर पावसाळ्यातली पातळी विचारच. उपाय म्हणजे वाळू ठोकून घट्ट करणं किंवा खालच्या पक्क्या थरापर्यंत पाइल नेणं.