जेवल्यावर च्युइंगगम: काम लाळ करते, गोडवा फक्त आड येऊ नये

प्रश्न: ऑफिसात जेवल्यावर ब्रश करणं जमत नाही. शुगर-फ्री च्युइंगगमने लाळ सुटते आणि दात वाचतात म्हणतात. नुसती चूळ भरली तर नाही का चालणार? पाकिटावर लिहिलेल्या गोड पदार्थांपैकी दातांना कोणता चांगला? एखादा ब्रँडही सांगा.

चूळ जरूर भरा, पण तेवढ्यावर भागत नाही. "पाण्याने खळखळून तोंड धुतलं की झालं" हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो आणि रोज खोडून काढतो. चुळीने तोंडात सुटं राहिलेलं अन्न निघून जातं. दातांवर चिकटलेला जीवाणूंचा थर, म्हणजे प्लाक, मात्र जागचा हलत नाही. साखर त्या थरात आधीच मुरलेली असते आणि आम्लही तिथे आतच तयार होतं. पाणी वरून वाहून जातं, आणि आम्ल मारणारं असं त्यात काही नसतं. ते लाळेत असतं, त्याला बायकार्बोनेट म्हणतात.

आता गंमत लाळेच्या हिशोबात आहे. आपण शांत बसलेले असताना मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिली लाळ सुटते. गम तोंडात टाकला की चव आणि चावणं दोन्ही एकदम सुरू होतात. पहिल्या एक-दोन मिनिटांत लाळ मिनिटाला ५ मिलीच्या आसपास जाते, मग गोडवा उतरतो तशी ती कमी होत २ मिलीच्या आसपास टिकते. २० मिनिटांचा हिशोब करा. काहीच न चघळता ६ ते ८ मिली, म्हणजे जेमतेम दीड चमचा. गम चघळून चाळीसेक मिली, म्हणजे जवळपास अर्धा कटिंग.

आणि लाळ नुसती जास्त येत नाही, वेगळी येते. ती ग्रंथीतून भराभर वाहते तेव्हा तिच्यात बायकार्बोनेट कितीतरी जास्त असतं, त्यामुळे सावकाश झिरपणाऱ्या लाळेपेक्षा तिची आम्ल मारण्याची ताकद मोठी. शिवाय तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताच्या पृष्ठभागाला परत मिळतं. आरशासमोर गाल जरा ओढून वरच्या दुसऱ्या दाढेसमोर पाहा, गालाच्या आत बारीकसा उंचवटा दिसेल. कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथीचं तोंड तिथे उघडतं. गम चावायला लागलात की भरभरून येणाऱ्या लाळेतला मोठा वाटा याच ग्रंथीचा असतो. म्हणून गम एकाच बाजूला धरून बसू नका, बाजू बदलत राहा. वरच्या पुढच्या दातांच्या ओठांकडच्या बाजूला लाळ सगळ्यात संथ पोहोचते, तेव्हा मध्ये मध्ये जिभेने तिथे फिरवत जा.

एक दिवस घेऊ. लोअर परळच्या ऑफिसात दीड वाजता डबा उघडला: पोळी-भाजी, भात, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाची जिलबी. पाऊणे दोनला जेवण आटोपलं. प्लाकमधले जीवाणू साखर लगेच खायला घेतात आणि पाच-दहा मिनिटांत त्या थराची आम्लता झपाट्याने वाढते. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या इनॅमलमधून खनिज सुटायला लागतं. १९४० च्या दशकात स्टीफन या अमेरिकन संशोधकाने हा उतार-चढाव मोजून आलेखात मांडला आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. मदत न मिळाली तर पीएच पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. पाऊणे दोनलाच गम तोंडात टाकून दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत चघळला तर आलेखातला खड्डा उथळ होतो आणि लवकर भरतो.

पण दिवस इथे संपत नाही. सव्वातीनला साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं, पाचला आणखी एक चहा, सुटल्यावर दादर स्टेशनबाहेर वडापाव आणि कटिंग. म्हणजे आम्लाचे चार हल्ले, आणि बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत बसून राहत असल्याने तो हल्ला सगळ्यात लांबतो. यापैकी जेवणानंतरचा आणि संध्याकाळचा गम चुकवू नका. दादरहून स्लो लोकल पकडून चघळायला लागलात तर अंधेरी येईपर्यंत २० मिनिटं आरामात भरतात, घड्याळ बघायलाच नको. बाकी दोन चहांपैकी एकाची साखर काढता आली तर ते चौथ्या गमपेक्षा केव्हाही जास्त उपयोगी.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेत. लोक गोडी संपली की दोन मिनिटांत थुंकतात. तेव्हाही लाळ विश्रांतीच्या लाळेच्या पाच-सहापट वाहत असते आणि आम्ल अजून पूर्ण चढलेलंही नसतं. बेचव झालेला गमही चावण्यामुळे लाळ आणत राहतो, म्हणून २० मिनिटं. दुसरी चूक म्हणजे जेवल्यावर तासाभराने आठवण होणं. तोवर खड्डा भरत आलेला असतो. तिसरी आपल्या हॉटेलांतली: बिलाबरोबर येणारी रंगीत, साखरेचं कवच असलेली बडीशेप. तिने जेवणाच्या साखरेवर आणखी साखर चढते. खायचीच तर नुसती भाजलेली खा.

आता गोड पदार्थ. गममध्ये ते दोन तऱ्हेचे असतात. एक, ज्याने गमला वजन आणि अंग येतं: सॉर्बिटॉल (४२०), मॅनिटॉल (४२१), आयसोमाल्ट (९५३), माल्टिटॉल (९६५), झायलिटॉल (९६७), एरिथ्रिटॉल (९६८). दुसरे तीव्र गोड, जे चिमूटभरच लागतात: अॅस्पार्टेम (९५१), अॅसेसल्फेम के (९५०), सुक्रालोज (९५५). आपल्याकडच्या पाकिटांवर हे आकडे छापलेले असतात. दुसऱ्या गटातल्या कशावरही दात किडवणारे जीवाणू आम्ल करत नाहीत, त्यामुळे दातांच्या दृष्टीने तो प्रश्न तिथेच संपला. फरक पडतो तो पहिल्या गटात.

सॉर्बिटॉल स्वस्त, म्हणून बहुतेक गममध्ये तेच. दात किडवणारा मुख्य जीवाणू, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, ते खाऊ शकतो, पण अगदी संथपणे. इतकी लाळ वाहत असताना तेवढ्या आम्लाचा पाड लागत नाही. झायलिटॉलचं वेगळं आहे. त्याचा रेणू पाच कार्बनचा. जीवाणू ते साखर समजून आत ओढतो, त्यावर फॉस्फेट चढवतो, पुढे त्याचं काहीच करता येत नाही, आणि मग शक्ती खर्चून ते बाहेर टाकतो. आम्ल होत नाही, वर त्याची ऊर्जा वाया जाते. एरिथ्रिटॉलवरही त्याचं काही चालत नाही. तर क्रम लावायचाच असेल तर झायलिटॉल आणि एरिथ्रिटॉल वर, सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल खाली, आणि साखरेचा गम यादीतच नाही. गूळ, मध, "नॅचरल" असं छापलेलं असलं तरी जीवाणूला ती साखरच.

तरीही झायलिटॉल नसेल तर गमचा काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी झायलिटॉल प्रसिद्ध केलं. पण दातांसाठी त्याचा जो डोस सांगितला जातो तो दिवसाला ५ ते ६ ग्रॅम, तोही तीन किंवा अधिक वेळांत विभागून. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. "सॉर्बिटॉल, गम बेस, माल्टिटॉल, झायलिटॉल" अशी ओळ दिसली तर दोन-तीन ग्रॅमच्या गोळीत झायलिटॉल किती असेल याचा अंदाज करा. दिवसाच्या चार गोळ्यांनी त्या डोसच्या जवळपासही जाता येत नाही. ते पहिल्या नंबरावर असेल तरच जास्त पैसे द्या. नाहीतर साधा सॉर्बिटॉलचा पुदिन्याचा गम २० मिनिटं चघळा, फायद्याचा मोठा भाग लाळेचा आहे आणि तो त्यातही मिळतो.

एका ठिकाणी मात्र मी झायलिटॉलचा आग्रह धरतो. ज्यांचं तोंड सतत कोरडं असतं, आणि रक्तदाबाच्या, नैराश्याच्या किंवा अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी तसं होतं, त्यांनी दिवसभर सॉर्बिटॉलच्या गोळ्या चघळणं योग्य नाही. लाळ कमी असली की ते संथ आम्लही साचतं.

ब्रँडचं नाव देत नाही, कारण घटक बदलतात. पाकीट उलटा. फळांच्या चवीच्या गममध्ये सायट्रिक अॅसिड (३३०) किंवा मॅलिक अॅसिड (२९६) असेल तर ते परत ठेवा. आम्ल कमी करायला आम्लाचा गम घेण्यात अर्थ नाही.

तुमच्या लाळेबद्दल शंका असेल तर घरी मोजता येतं. गम दोन मिनिटं चघळा आणि लाळ गिळून टाका, म्हणजे चवीचा जोर ओसरेल. मग पाच मिनिटं चघळत राहा, आणि या वेळी लाळ सिरपच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या कपात थुंका. फेस सोडून वाचा. पाच मिली किंवा जास्त असेल तर ठीक. साडेतीनच्या खाली येत असेल तर लाळ कमी आहे आणि तपासणी हवी, चालू औषधांची यादी सोबत न्या. ग्रंथीच निकामी झाल्या असतील, उदाहरणार्थ डोक्या-मानेच्या रेडिएशननंतर, तर गम चघळून फारसं हाती लागत नाही.

गमने दातांच्या फटीतला प्लाक निघत नाही, तेव्हा रात्रीचा फ्लोराइडच्या पेस्टचा ब्रश सुटत नाही. जबड्याचा सांधा कटकट वाजत किंवा दुखत असेल, दातांना तारा लावलेल्या असतील, कॅप हलत असेल तर गम नको. न गिळता चघळायचं कळत नाही अशा लहान मुलालाही नको. दिवसभर एकामागून एक चघळत राहिलात तर पोटात गॅस आणि जुलाब होतील, ते या पदार्थांचंच काम. फिनाइलकेटोन्युरिया हा आजार असणाऱ्यांनी अॅस्पार्टेम टाळायचं. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचं पाकीट टेबलावर ठेवू नका. त्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. चुकून खाल्लं तर वाट न बघता लगेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.