व्हिडिओ दिसतोय, पण ऑडिओ फीडमध्ये भाग पोहोचला का?

प्रश्न: अहिराणी गप्पांचा व्हिडिओ सकाळी पॉडकास्टचा भाग म्हणून टाकला. व्हिडिओ चालतोय, पण शिरपूर-साक्रीकडचे लोक म्हणतात की त्यांच्या ॲपमध्ये ऑडिओ आलाच नाही. फीडमध्ये गेला की नाही ते कसं ओळखायचं, आणि उशीर का होतो?

उत्तर: भाऊ, ॲप बघून ठरवू नका, थेट फीड, म्हणजे ॲप वाचतं ती भागांची यादी, उघडा. होस्टच्या, म्हणजे पॉडकास्टच्या फाइल ठेवणाऱ्या सेवेच्या, सेटिंगमध्ये आरएसएस फीडचा पत्ता असतो. तो टाकून टर्मिनलमध्ये ही ओळ चालवा:

```
curl -sL "फीडचा-पत्ता" | grep -o '<enclosure[^>]*>' | head -1
```

बहुतेक फीडमध्ये नवा भाग सगळ्यात वर असतो, त्यामुळे त्याच्याच फाइलचा पत्ता दिसेल. तो ब्राउझरमध्ये उघडून पहिलं मिनिट ऐका. नव्या गप्पा ऐकू आल्या आणि `type` मध्ये `audio/mpeg` असलं, तर तुमच्या बाजूचं काम झालं. जुनाच भाग वाजला, तर अडकलंय होस्टकडे.

होस्टकडे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ऑडिओ अजून तयार नसणं. व्हिडिओ टाकल्यावर त्यातून आवाज वेगळा काढून त्याची फाइल बनवावी लागते. पाऊण तासाच्या गप्पांची १२८ केबीपीएसची फाइल साधारण ४३ एमबीची होते; मूळ व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट मोठा, आणि वेळ खातो तोच. ही फाइल होईपर्यंत फीडमध्ये नोंद पडत नाही, व्हिडिओ मात्र आधीच दिसू लागतो. फाइल झाल्यावरही फीडची साठवलेली जुनी प्रत काही काळ मिळत राहू शकते.

फीडमध्ये भाग आहे पण ॲपमध्ये नाही, तर ॲपची वाट बघायची. ॲप फीड सतत वाचत नाही, आपल्या वेळेने येऊन बघतं. काही ॲपमध्ये भाग पटकन दिसतो, काहींमध्ये तासन्‌तास जातात. ॲपल पॉडकास्टवर तर एक दिवसही लागू शकतो. म्हणून शिरपूरला दिसला आणि साक्रीला नाही, असं घडणं साहजिक आहे. ऐकणाऱ्याला कार्यक्रमाच्या पानावर बोट खाली ओढून ताजं करायला सांगा.

`pubDate` ची, म्हणजे भाग प्रसिद्ध झाल्याची, वेळही तपासा. फीडमध्ये ती बहुधा जीएमटीत असते. आपल्या सकाळच्या ७ वाजता तिथे ०१:३० हवेत. ०७:०० जीएमटी पडलं असेल, तर ती वेळ आपल्याकडची दुपारची १२:३० झाली, आणि पुढची वेळ असलेला भाग काही ॲप तोवर दाखवत नाहीत.

व्हिडिओ फक्त यूट्यूबच्या पॉडकास्ट प्लेलिस्टमध्ये टाकला असेल, तर मात्र थांबून उपयोग नाही. यूट्यूब बाहेरच्या फीडमधून भाग आत घेतं, पण तिथून इतर ॲपसाठी ऑडिओ फीड बाहेर पडत नाही. ऑडिओ वेगळ्या होस्टवर टाकावाच लागेल.

आणि कृपा करून घाईने भाग काढून पुन्हा टाकू नका. नव्या नोंदीला नवा `guid`, म्हणजे भागाची नवी ओळखखूण, मिळतो, आणि ज्यांच्याकडे पहिला पोहोचलाय त्यांना तोच भाग दोनदा दिसतो.