डिपॉझिट अडवले आहे? आधी मालकाच्या यादीतली एकेक ओळ तपासा

प्रश्न : विश्रामबागेत तळमजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही अकरा-अकरा महिन्यांच्या तीन करारांवर, म्हणजे ३३ महिने, भाड्याने घेतला होता. डिपॉझिट ४५,००० रुपये. एप्रिलअखेर घर सोडले. आता मालक म्हणतात, पूर्ण घराचा रंग २४,०००, ओटा ८,०००, गीझर ६,५०० आणि वीजबिल १,१६० वजा करून ५,३४० रुपयेच मिळतील, तेही 'हिशेब पूर्ण मिटला' असे लिहून दिल्यावर. मुलीने हॉलच्या एका भिंतीवर मेणखडूने रेघोट्या मारल्या होत्या आणि माझ्या हातून वरवंटा पडून ओट्याची कड फुटली, हे मला मान्य आहे. बेडरूमचा रंग मात्र आपोआपच सुटत होता. शेजारच्या काकू सांगतात, घरात नवीन भाडेकरू आलेसुद्धा, रंग काही दिलेला नाही. सही करून टाकू का?
— एक वाचक, सांगली

ताई, त्या कागदावर सही करू नका. 'पूर्ण हिशेब मिळाला, माझी काही तक्रार नाही' असे एकदा लिहून दिले की पुढे भांडायला तुमच्या हाती फारसे काही उरत नाही. मालकांनी ५,३४० रुपये खात्यावर पाठवलेच, तर ते परत करायची गरज नाही. त्याच दिवशी त्यांना मेसेज टाका : 'डिपॉझिटपैकी काही रक्कम मिळाली, उरलेल्या रकमेवरचा माझा हक्क कायम आहे.'

तुम्ही पाठवलेला तिसरा करारनामा मी वाचला. त्यात डिपॉझिटचा आकडा ४५,००० असाच आहे, हे बरे झाले. करार दर वेळी नव्याने होतो तेव्हा डिपॉझिटचा उल्लेख राहून जातो आणि मग पहिल्या वर्षीची बँकेची नोंद शोधत बसावे लागते. तुमच्या करारातले कामाचे वाक्य आहे ते हे : नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून, घर घेतले त्या स्थितीत परत द्यायचे. भाडेपट्ट्यासाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये हाच नियम आहे. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असल्याने ते कलम थेट लागू होत नाही, पण करारातल्या या वाक्याने तेच संरक्षण तुम्हाला मिळाले आहे.

डिपॉझिट ही मालकाची कमाई नव्हे, ते त्यांच्याकडे तारण ठेवलेले तुमचे पैसे आहेत. त्यातून त्यांना कापता येते ते थकलेले भाडे, थकलेले बिल आणि झिजेपलीकडचे नुकसान. हे नुकसानही खरोखर झालेले असावे लागते. करार कायद्याच्या कलम ७३ आणि ७४ चा गाभा हाच आहे. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुकसान झालेच नसेल तर हाती असलेली रक्कम जप्त करता येत नाही. ते प्रकरण भूखंडाच्या बयाण्याचे होते, पण तत्त्व तुमच्याही कामाचे आहे.

आता रंगाकडे येऊ, कारण खरा वाद तिथेच आहे.

मालकांनी तुम्हाला पाठवले आहे ते पेंटरचे कोटेशन, बिल नव्हे. १,६०० चौरस फूट भिंती, फुटाला १५ रुपये, एकूण २४,०००. कोटेशन म्हणजे कोणीतरी काढलेला अंदाज. घर जसे होते तसेच नव्या भाडेकरूला दिले असेल, तर हे २४,००० रुपये मालकांच्या खिशातून गेलेलेच नाहीत. तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. काकूंचे म्हणणे एवढ्यावर थांबू नका. नवे कुटुंब तयार असेल तर त्यांच्या परवानगीने हॉलच्या त्या भिंतीचा एक फोटो घ्या.

समजा, रंग दिला असता, तरी सगळा खर्च तुमच्यावर टाकता आला नसता. तुम्ही राहायला येण्याच्या वर्षभर आधी रंग दिला होता, असे मालकांच्याच पहिल्या मेसेजमध्ये आहे. म्हणजे घर सोडताना तो ४५ महिन्यांचा झाला होता. रंगाचे आयुष्य कायद्याने ठरवून दिलेले नाही. साध्या डिस्टेंपरला मी पाच वर्षे, म्हणजे ६० महिने धरते. तेव्हा उरले होते १५ महिने, म्हणजे चौथा हिस्सा. फिका पडलेला रंग, कपाटामागचा डाग, कॅलेंडरचे खिळे ही सगळी झीजच. मेणखडूच्या रेघा मात्र झीज नाहीत, आणि तुम्ही ते मोकळेपणाने मान्य केलेत याचा नोटिशीत उपयोगच होईल. ती भिंत १२ फूट बाय १० फूट, म्हणजे १२० चौरस फूट. मालकांच्याच दराने १,८०० रुपये, आणि त्यातला चौथा हिस्सा ४५० रुपये. एका भिंतीसाठी आख्खे घर रंगवायचा खर्च मागता येत नाही, आणि जुन्या रंगाच्या जागी नवा रंग फुकटात मिळवताही येत नाही.

बेडरूमच्या भिंतीचा तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत रंगाला फुगे आले आहेत, पापुद्रे सुटले आहेत आणि आत पांढरी पूड दिसते. हा लोणा आहे. ओल जमिनीतून भिंतीत चढते, भिंतीतले क्षार बाहेर येतात आणि रंगाला आतून ढकलतात. भाडेकरूने खिडक्या उघडल्या नाहीत म्हणून येणारी ओल वेगळी असते. त्यात वरच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळे ठिपके येतात आणि ते पुसले तर बऱ्याचदा निघतात. लोणा पुसून जात नाही. तो बांधकामाचा दोष आहे आणि त्याचा खर्च मालकाचा. (नदीकाठच्या भागात २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथल्या भाडेकरूंनीही हे ध्यानात ठेवावे. पुराची ओल ही कोणाच्याही आवाक्याबाहेरची गोष्ट, ती डिपॉझिटमधून कापता येत नाही.)

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. 'घर सोडताना रंगासाठी एका महिन्याचे भाडे कापले जाईल' असे वाक्य काही करारांत असते. ते तुमच्या करारात असते, तर ती ठरलेली रक्कम नाकारणे अवघड गेले असते. तुमच्या करारात तसे काही नाही.

ओट्याचे नुकसान तुमच्याकडून झाले आहे, ते द्यायला हवे. प्रश्न फक्त किती एवढाच आहे. फुटलेली कड तीन इंचांची आहे, आणि तुम्ही ज्या फरशीवाल्याला विचारले त्याने रेझिन भरून पॉलिश करायचे १,८०० सांगितले. नुकसान दुरुस्तीने भागत असेल तर मालकाला दुरुस्तीचाच खर्च मिळतो. कड भरून निघतच नव्हती, पट्टी बदलावीच लागली, असे त्यांनी बिलासह दाखवले तर त्या पट्टीचा खर्च द्या, पण पूर्ण ओट्याचा नाही. ग्रॅनाइट वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून इथे रंगासारखी घट मागू नका. ते न्यायाचे होणार नाही.

गीझरचे ६,५०० तुम्ही द्यायचे कारण मला दिसत नाही. तुमच्या मेकॅनिकने क्षार साचून कॉइल जळाल्याचे लिहून दिले आहे. गीझर तुम्ही येण्याआधीपासूनचा होता, आणि मागणी आहे ती नव्या गीझरच्या किमतीची. टाकी रिकामी असताना तुम्ही तो चालू केला असता तर गोष्ट वेगळी होती. वीजबिलाचे १,१६० मात्र रास्त आहेत. किल्ल्या दिल्या त्या दिवशीच्या मीटरच्या फोटोशी रीडिंग जुळते, ते मान्य करून टाका.

म्हणजे रास्त वजावट वीजबिल १,१६०, ओटा १,८०० आणि भिंत ४५०, मिळून ३,४१० रुपये. तुम्हाला परत यायला हवेत ४१,५९० रुपये. तडजोडीला बसलात तर भिंतीचे पूर्ण १,८०० मान्य करायलाही माझी हरकत नाही. तसे केले तरी ४०,२४० होतात. ४०,००० च्या खाली मात्र उतरू नका.

पुरावे आजच नीट लावून ठेवा. डिपॉझिट दिले आणि घराचा ताबा परत केला, एवढे तुम्हाला सिद्ध करायचे आहे. नुकसान झाले आणि ते इतके झाले, हे दाखवायची जबाबदारी वजावट मागणाऱ्या मालकांवर येते. किल्ल्या घेताना त्यांच्या मुलाने मेसेजवर 'मिळाल्या' असे लिहिले आहे, तो मेसेज मोलाचा आहे. घर सोडतानाचा व्हिडिओ ज्या फोनमध्ये काढला तो फोन विकू नका आणि फॉरमॅटही करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते.

मग नोटीस. करारात मालक म्हणून ज्यांचे नाव आहे त्यांच्याच नावे, पुण्याच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यात कराराचा नोंदणी क्रमांक, डिपॉझिट दिल्याची तारीख आणि किल्ल्या दिल्याची तारीख घाला. वरची तिन्ही वजावट आकड्यांसह मान्य करा, बाकी प्रत्येक बाबीचे बिल मागा आणि ४१,५९० रुपये १५ दिवसांत द्यायला सांगा. न दिल्यास व्याज मागाल, हेही त्यातच लिहा. १९७८ च्या व्याज कायद्यानुसार नोटिशीत केलेल्या लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येते, म्हणून हे वाक्य गाळू नका.

पोलीस ठाण्यात जाऊ नका. हा दिवाणी वाद आहे, तिथे फक्त दिवस जातील. १५ दिवसांत उत्तर आले नाही, तर जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि दाव्याआधीच्या तडजोडीसाठी अर्ज द्या. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्न कितीही असो. त्यामुळे वकिलाच्या फीच्या काळजीने मागे हटू नका. प्राधिकरण मालकांना बोलावणे धाडेल. लोकअदालतीत समेट झाला तर त्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. मालक आलेच नाहीत, तर सांगलीतल्या दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावता येतो. घर इथे, करार इथला, त्यामुळे मालक पुण्यात राहत असले तरी तुम्हाला पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत.

दाव्याला मुदत तीन वर्षांची असते. ती एप्रिलअखेरपासूनच मोजा, आणि 'पुढच्या महिन्यात देतो' या तोंडी वायद्यांवर ती जाऊ देऊ नका. अर्जाला जाताना तिन्ही करारनाम्यांच्या प्रती, बँकेचे पासबुक, नोटिशीची प्रत, पोच आणि फरशीवाल्याच्या दराचा कागद सोबत न्या.